हलके पान, न थांबणारे चित्र

८ मार्च २०१९. संस्थेच्या देखरेखीखाली, घरी श्वासयंत्रावर जगणारे जीव: एकशे त्रेपन्न.

त्यांपैकी एकालाही वसुधा ह्यूबनर कामानिमित्त भेटलेली नव्हती. जर्मनीतल्या एर्लांगेनमधल्या त्या छोट्या संस्थेत ती अर्धवेळ नोकरी करी आणि संस्थेची वेबसाइट सांभाळी. रुग्णांच्या घरी जाणाऱ्या परिचारिका वेगळ्या, यंत्रे दुरुस्त करणारे वेगळे. वसुधाच्या वाट्याला पाने आली होती: नळी कशी बदलावी, गाळणी कशी धुवावी, गळ्यातला कफ कसा ओढून काढावा, हे घरच्या माणसांना हलत्या चित्रांतून दाखवणारी पाने. आजारी माणूस आणि तिच्यामध्ये नेहमी एक पडदा असे, आणि पडद्यामागे बसणाऱ्याला आपले हात स्वच्छ आहेत असे वाटू लागते. वसुधाला तसे वाटत नसे. तिचे वेगळेपण एवढेच होते, आणि पुढे ते पुरले नाही.

ती मूळची मिरजेची. संगणकशास्त्राची पदवी पुण्यात घेतली, पुढचे शिक्षण घ्यायला एर्लांगेनला आली, तिथेच श्टेफान ह्यूबनर भेटला आणि ती तिथलीच झाली. मुलगी लहान असताना मोठ्या कंपनीतली नोकरी सोडली. परत नोकरी शोधायला निघाली तेव्हा लोकांनी मधल्या वर्षांचा हिशेब विचारला. संस्थेने विचारला नाही, म्हणून ती संस्थेत राहिली. जड पानांची तिला मनापासून चीड होती. मिरजेच्या सायबर कॅफेत मॉडेमच्या कुरकुरीवर एकेक चित्र वरून खाली उतरताना पाहिलेल्या पिढीतली ती. पान जड करणारा माणूस दुसऱ्याचा वेळ न विचारता उचलतो, असे ती म्हणे. आणि सहकारी हसत, कारण एर्लांगेनच्या कचेरीत सगळेच क्षणात उघडत असे.

संस्थेच्या एकशे त्रेपन्न घरांपैकी एकच घर तिच्या ओळखीचे होते, आणि तेही कामातून नव्हे, गणपतीतून. विष्णू आणि प्रभा गोडबोले. विष्णूकाका गाड्यांचे गिअरबॉक्स बनवणाऱ्या कारखान्यात तीस वर्षे इंजिनिअर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी हट्टाने फ्रँकेनच्या डोंगराळ भागात, चेरीच्या बागांच्या खेड्यात घर घेतले. तिसऱ्या वर्षी हातातली शक्ती गेली, मग पायांतली, मग श्वासाची. आता गळ्याला पाडलेल्या छिद्रातून नळी आत जात होती आणि यंत्र त्यांच्यासाठी श्वास घेत होते. बोलणे संपले होते. डोळे आणि विनोदबुद्धी शाबूत होती. दिवसा परिचारक येई. बाकीचा वेळ प्रभाकाकू.

जानेवारीत प्रभाकाकूंचा फोन आला होता.

"अगं वसुधा, तुमचं ते पान एर्लांगेनहून बस पकडून येतं का गं?"

"का हो काकू?"

"मघाशी उघडायला घेतलं. चहा झाला, त्यात बिस्किट बुडवून झालं, अजून ते गोल गोल फिरतंय. इथे मोबाइलला नेट म्हणजे खिडकीत उभं राहून हात वर करायचा. ह्यांनी डोळे मिटले, मला वाटलं झोपले, तर हसत होते."

"तुम्ही काय केलंत मग?"

"काय करणार? आठवलं तसं केलं. पण अशा वेळी आठवत नाही गं नीट. मला चित्र लागतं."

मला चित्र लागतं. हे वाक्य वसुधाच्या मनातून गेले नाही. तिने त्या पानाचे वजन पाहिले. चौदा हलती चित्रे, सगळी जिफ, मिळून अडतीस मेगाबाइट. खेड्यातल्या खिडकीत हात वर करून धरलेल्या फोनवर हे पान उघडणार नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नव्हता.

जिफ हा प्रकार जुना. त्यात एका चौकटीला, म्हणजे हालचालीतल्या एकेका सुट्या चित्राला, फक्त दोनशे छप्पन्न रंग मिळतात. मग त्वचेची, कापडाची छटा दाखवायला रंगांचे बारीक ठिपके पसरावे लागतात, आणि ते ठिपके प्रत्येक चौकटीत जागा बदलत असल्याने फाइल फुगत जाते. वेबपी या नव्या प्रकारात तीच हालचाल कितीतरी कमी जागेत मावते. क्रोम हा ब्राउझर तो काही वर्षांपासून ओळखत होता. जानेवारीच्या अखेरीस फायरफॉक्सही ओळखू लागला. राहिला ॲपलचा सफारी. त्याच्यासाठी जुने जिफ ठेवायचे: पानात दोन्ही फाइलींची नावे लिहायची, आधी वेबपी, मग जिफ, ज्या ब्राउझरला पहिले कळते तो पहिले घेतो, न कळणारा मुकाट्याने दुसरे घेतो. पानाची व्यवस्था व्हिडिओ स्वीकारत नव्हती, म्हणून तो मार्ग बंद होता.

शेजारच्या टेबलावर बसणारा करण म्हणाला, "एव्हिफ घे ना. नवीन आलंय, याच्याहूनही हलकं."

"कुठला ब्राउझर उघडतो ते?"

"सध्या एकही नाही."

"मग काकूंना काय सांगू, खिडकीत पुढच्या वर्षी उभ्या राहा?"

"आल्झो, म्हणजे, मी फक्त हलकं म्हणालो," करण म्हणाला. "दिसेल असं कुठे म्हणालो?"

तयार जिफवरून थेट वेबपी करणे सोपे होते. वसुधाने ते केले नाही. जिफमधले ठिपके वेबपीतही आले असते, आणि चित्र मळके व जड दोन्ही झाले असते. म्हणून तिने जुन्या संग्रहातून चित्रकाराच्या मूळ चौकटी काढल्या, स्वच्छ, पूर्ण रंगांच्या, आणि त्यांच्यावरून चौदाही चित्रे नव्याने बांधली. हे चांगल्या कारागिराचे काम होते. चूकही त्यातच होती.

फाइलमध्ये चित्राबरोबर आणखी एक गोष्ट लिहिलेली असते: ते किती वेळा फिरायचे. कफ ओढण्याच्या जिफमध्ये ते एकदाच फिरून थांबेल असे ठरवलेले होते, आणि ते विचार करून ठरवलेले होते. कफ ओढणारी नळी आत जाते, ओढत बाहेर येते, यंत्राची नळी पुन्हा गळ्याशी जोडली जाते, हात मागे होतो. आणि चित्र तिथेच, त्या शेवटच्या चौकटीवर, स्तब्ध राहते. स्तब्ध राहणे हीच सूचना होती: आता हात काढा, माणसाला श्वास घेऊ द्या, रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा पाहा. जिफवरून वेबपी करणाऱ्या साधनाने ही सूचना आपोआप उचलली असती. सुट्या चौकटींवरून बांधणाऱ्या साधनाला ती कुठून मिळणार? सुट्या चौकटींत किती वेळा फिरायचे हे लिहिलेलेच नसते. न सांगितल्यास ते साधन आपल्या मनाने शून्य लिहिते, आणि वेबपीच्या भाषेत शून्य म्हणजे अनंत.

वसुधाने क्रोममध्ये पान उघडले. अडतीसचे पाच मेगाबाइट झाले होते. चित्रे हलत होती. तिचे लक्ष वजनाच्या आकड्याकडे होते. हालचाल दिसली की ती पुढच्या चित्राकडे सरके. एकाही चित्रासमोर ते थांबेपर्यंत ती बसली नाही.

मंजुरी देणे फ्राउ रायशेल यांचे काम होते. प्रशिक्षण विभागाच्या त्या प्रमुख. वीस वर्षे अतिदक्षता विभागात काम केलेली, शब्द तोलून वापरणारी बाई. त्यांनी चौदाही चित्रे सावकाश पाहिली, प्रत्येक थांबते की नाही हेही पाहिले, आणि सही केली. पण पाहिली ती आयपॅडवर. आयपॅडवरच्या सफारीला वेबपी कळत नव्हते; त्याने मुकाट्याने जुनी जिफ दाखवली. तपासणी प्रामाणिक होती. फक्त जे तपासायचे ते त्यांच्यासमोर आलेच नव्हते.

नवे पान मंगळवारी चढले. गोडबोल्यांच्या घरचा परिचारक गुरुवारपासून तापाने आजारी होता आणि बदली माणूस शनिवारी मिळणार होता. शुक्रवारी, ८ मार्चला, दुपारी वसुधाच्या टेबलावरचा फोन वाजला. प्रभाकाकू घरातल्या जुन्या फोनवरून बोलत होत्या, स्पीकर लावून. मागे यंत्राचा इशारा एकसारखा वाजत होता.

"वसुधा, संस्थेचा तातडीचा नंबर लागत नाहीये गं, एंगेज आहे. पान उघडलं, लगेच उघडलं, पण हे थांबतच नाही."

"काय थांबत नाही, काकू?"

"चित्र! मी त्याच्या बरोबरीनं करतेय. ते परत आत घालतं, मी परत आत घालते. किती वेळा करायचं हे? पूर्वी थांबायचं ते. यांचा आकडा ब्याऐंशीवर आलाय. ओठ बघ कसे... अहो, इकडे बघा, माझ्याकडे बघा!"

वसुधा उभी राहिली. त्या क्षणी तिला सगळे कळले, आणि कळण्यात एक सेकंदही गेला नाही; पुढे कित्येक महिने हीच गोष्ट तिला टोचत राहिली. म्हणजे हे कळण्यासारखे होते. फक्त कुणाचा तरी जीव गुदमरेपर्यंत तिने तिकडे पाहिले नव्हते.

"काकू, हात बाहेर काढा. ओढायची नळी बाहेर. आत्ता."

"पण कफ वाजतोय अजून..."

"वाजू दे. चित्राकडे बघू नका, फोन पालथा ठेवा. यंत्राची नळी गळ्याशी जोडा. जोडली?"

पलीकडे काहीतरी खाली पडले.

"काकू?"

"जोडतेय गं. नीट बसत नाहीये."

"दोन्ही हातांनी धरा. बसलं की टक् असा आवाज होतो."

इशारा वाजत राहिला. करण खुर्चीवरून उठून तिच्याजवळ आला होता. तिने कागदावर ११२ आणि खेड्याचे नाव लिहून त्याच्याकडे सरकवले. त्याने स्वतःच्या फोनवरून रुग्णवाहिका बोलावली आणि घराचा पत्ता जर्मनमध्ये दोनदा उच्चारून सांगितला.

"बसलं," प्रभाकाकू म्हणाल्या.

"आता हात काढा. काहीही करू नका. यंत्राला करू दे. आकडा सांगा."

"एकोणऐंशी."

वसुधाला शेवटची चौकट तोंडपाठ होती: नळी जोडलेली, हात मागे, छातीवर श्वासाची हलकी रेघ. तिने ती पन्नास वेळा पाहिली होती, रंगांसाठी. त्यापुढे काय करायचे हे चित्रात नव्हते. तिने तातडीच्या सामानाच्या पिशवीबद्दल विचारले. ती पलंगाच्या खालच्या खणात होती, आणि ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर खिडकीपाशी. एवढ्यात करणने शोधून आणलेल्या फ्राउ रायशेल धावत आल्या आणि त्यांनी फोन हातात घेतला. त्यांचे जर्मन प्रभाकाकूंना या घाबरगुंडीत कळेना. मग रायशेल बोलत आणि वसुधा मराठीत सांगे: चावी डावीकडे फिरवा, नळी इथे लावा, आता थांबा.

"ऐंशी," प्रभाकाकू म्हणाल्या. फोनमध्ये यंत्राचे चार श्वास ऐकू आले. "ऐंशीच आहे गं."

"थांबा."

"थांबू कशी? नवरा आहे माझा!"

"काकू, थांबणंच करायचंय आत्ता."

आकडा चौऱ्याऐंशीवर आला तेव्हा रुग्णवाहिका अजून डोंगराच्या वळणावर होती. सत्त्याऐंशीवर दार वाजले, आणि अनोळखी बुटांचे आवाज फोनमध्ये भरले. कुणीतरी फोन जागेवर ठेवून दिला.

मग वसुधा बसली आणि कामाला लागली, कारण बाकी घरांत ते चित्र अजून फिरत होते. तिने आधी पानातून वेबपीची नावे काढली. पान पुन्हा जड झाले, पण थांबू लागले. मग चौदाही चित्रे पुन्हा बांधली, फिरण्याची संख्या या वेळी स्वतः लिहून: एक. नावेही बदलली, कारण फोन एकदा आणलेली फाइल जपून ठेवतो आणि त्याच नावाखाली जुनीच दाखवतो. मग करणचा अँड्रॉइड फोन मागून घेतला आणि प्रत्येक चित्रासमोर ते थांबेपर्यंत बसली. थांबल्यावरही थोडी बसली.

"तुम्ही आयपॅडवर पाहिलं होतं," ती रायशेलना म्हणाली. "मी सांगायला हवं होतं की त्यावर जुनंच दिसेल."

"मी विचारायला हवं होतं," रायशेल म्हणाल्या. त्या प्रामाणिक होत्या, आणि त्या प्रामाणिकपणाची मर्यादाही त्याच संध्याकाळी दिसली. वसुधाने सर्व घरांसाठी चार ओळींचे पत्र लिहिले: मंगळवार ते शुक्रवार आमच्या पानावरचे चित्र चुकीचे होते, ते थांबत नव्हते, त्याप्रमाणे कुणी केले असेल तर कळवा, चूक आमची आहे. रायशेलनी ते वाचले आणि संचालकांकडे नेले. संचालकांनी वकिलाला विचारले. सोमवारी घरोघर जो संदेश गेला त्यात लिहिले होते की सूचनांची चित्रे सुधारली आहेत, कृपया पान नव्याने उघडावे.

"हे खोटं नाही," रायशेल म्हणाल्या.

"नाही," वसुधा म्हणाली. "पण हे वाचून कुणाला काही कळणार नाही."

"जा," रायशेल म्हणाल्या. त्या जर्मन 'जा'मध्ये होकार होता आणि चर्चा संपल्याची सूचनाही.

विष्णूकाका एर्लांगेनच्या रुग्णालयात होते. आठवड्याने वसुधा भेटायला गेली, तेव्हा ते उशाला टेकून बसवलेले होते आणि डोळ्यांनी पाटीवरची अक्षरे निवडत होते. प्रभाकाकू ती अक्षरे वाचून दाखवत.

"म्हणतायत, तू... मला... वाचवलंस."

"नाही हो काका," वसुधा म्हणाली. "ऐका आधी." आणि खुर्ची ओढून तिने सगळे सांगितले: चौकटी, शून्य, अनंत, आयपॅड. साध्या शब्दांत, स्वतःला न वाचवता. विष्णूकाका इंजिनिअर होते. मध्येच त्यांनी पाटीवर एक शब्द निवडला, आणि प्रभाकाकूंना तो दोनदा वाचावा लागला.

"डिफॉल्ट," त्या म्हणाल्या. "म्हणजे काय गं?"

"न सांगितल्यावर यंत्र जे आपल्या मनानं धरतं ते."

प्रभाकाकूंच्या मांडीवर रुग्णालयाचा कागद घडी करून ठेवलेला होता. मग त्या हळू म्हणाल्या, "म्हणजे माझा हात चुकला नव्हता?"

"नाही."

"हे तू म्हणतेस. इथे तर लिहिलंय माझा चुकला. कालपासून तो कागद दहादा वाचला मी. झोप नाही आली."

वसुधाने कागद घेतला. प्रसंगाचे कारण या रकान्यात एक जर्मन शब्द होता: बेडीनुंग्सफेलर. हाताळणाऱ्याची चूक. रुग्णवाहिकेतल्या माणसाने पाहिले तेव्हा एक घाबरलेली बाई होती आणि जमिनीवर पडलेली नळी; त्याने जे दिसले ते लिहिले होते. फोन पालथा होता. त्यावरचे चित्र त्याला दिसण्याचे कारण नव्हते.

"हे बदलून घेऊ," वसुधा म्हणाली.

"घेशील?"

"प्रयत्न करेन."

"तुला म्हणून सांगते," प्रभाकाकू तिचा हात धरून म्हणाल्या, "तुझ्यावर राग नाही माझा. राग असता तर बरं झालं असतं, कुणावर तरी काढला असता. पण मी पहिले तीन दिवस ह्यांच्या डोळ्यांत बघू शकले नाही, ते कोण भरून देणार?"

वसुधाने कागदावरचा नोंदीचा क्रमांक उतरवून घेतला.

तिने रुग्णालयाला पत्र लिहिले, चुकीच्या फाइलचे तपशील जोडले, खाली स्वतःचे नाव लिहिले. रुग्णालयाने उत्तर दिले की यंत्र व सूचना पुरवणाऱ्या संस्थेचे अधिकृत निवेदन आल्यास नोंदीचा पुनर्विचार होईल. वसुधाने ते उत्तर संचालकांसमोर ठेवले. संचालक म्हणाले की एका कर्मचाऱ्याने परस्पर असा पत्रव्यवहार करणे नियमाला धरून नाही. त्यांनी तिला लेखी ताकीद दिली. तिने ती घेतली आणि निवेदनाची मागणी पुन्हा लिहून दिली.

पान आता पाच मेगाबाइटचे आहे. खिडकीत न जाताही उघडते. कफ ओढण्याचे चित्र एकदा फिरते आणि थांबते. नवीन काही चढवण्याआधी ते कोणत्या ब्राउझरवर पाहिले हे सहीबरोबर लिहावे लागते. हा नियम रायशेलनी केला, कारण लिहिले नाही. विष्णूकाका घरी आले. प्रभाकाकू पान उघडतात, पण चित्राबरोबर हात चालवत नाहीत. आधी ते पूर्ण पाहतात, फोन पालथा ठेवतात, मग करतात.

वर्ष संपले तेव्हा संस्थेचे निवेदन गेलेले नव्हते. रुग्णालयाच्या नोंदीत प्रभा गोडबोले यांच्या हातून झालेली चूक तशीच होती. त्यांची माफी मागणे संस्थेकडे बाकी आहे.